धूर सर्वांना दिसतो, कळवतो कोण?

परतवाड्याहून धारणीकडे निघालेला रस्ता सातपुड्याचा घाट चढून, सागाच्या रानातून वळणे घेत सिपना नदीच्या खोऱ्यात उतरला, की सेमाडोह लागते. 1973-74 साली देशात जे पहिले व्याघ्र प्रकल्प स्थापन झाले त्यांपैकी मेळघाट हा एक, आणि त्या प्रकल्पातील सेमाडोह हे एक वनपरिक्षेत्राचे ठाणे. फाल्गुन उलटून सागाची वाळलेली पाने जमिनीवर वीतभर साचू लागली, मोहाची फुले नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला कोठे कोठे पेटवला जाऊ लागला, की दूरच्या एखाद्या टेकडीवरून धुराची रेघ उठलेली रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते. ती एस.टी.तील प्रवाशांना, मालमोटारीच्या चालकाला आणि पर्यटकांच्या गाडीतील मुलांनाही दिसते. परंतु या मंडळींपैकी किती जण पुढच्या नाक्यावर थांबून वनखात्याच्या माणसाला ती गोष्ट सांगतात, हा प्रश्न विचारला, तर वऱ्हाडी माणूस खांदे उडवून जे उत्तर देईल ते ठरलेले आहे: “कोनीतरी सांगतलंच असन.”

या तीन शब्दांत आळस नाही, दुष्टपणा तर नाहीच; त्यांत एक हिशेब आहे, आणि तो हिशेब चुकीचा आहे. आपल्याआधी शंभर माणसांनी हा धूर पाहिला असेल, त्यातले निदान एक तरी बोलले असेल, असा तो हिशेब. परंतु त्या शंभरांपैकी प्रत्येकाने हाच हिशेब मांडलेला असतो, हे त्यात धरलेले नसते. वनखात्याला हा स्वभाव पुरता ठाऊक असावा, कारण त्याने जंगलाची राखण ‘सर्वांवर’ कधीच सोपवलेली नाही. परिक्षेत्राची वर्तुळे, वर्तुळांची नियतक्षेत्रे, आणि प्रत्येक नियतक्षेत्राला नावानिशी एक वनरक्षक, अशी वाटणी कागदावर झालेली असते. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम धरून त्याआधी जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून पालापाचोळा जाळून मोकळे केलेले पट्टे, कोणी कोठवर तयार करायचे हेही ठरलेले असते. अमुक टेकडी अमक्याची, एवढे एकदा मुक्रर झाले, की त्या टेकडीवरच्या धुराकडे पाहताना त्या माणसाच्या मनात ‘कोणीतरी’ हा शब्द उमटू शकत नाही.

गृहनिर्माण संस्था, शाळेचा वर्ग आणि कचेरी या तीन ठिकाणी हीच वाटणी कशी करावी, आणि ती कोठे फसते, एवढाच या लेखाचा विषय आहे. मात्र त्याआधी रोगाचे निदान नीट करून घेतले पाहिजे. कारण बघ्याची भूमिका या एकाच नावाखाली दोन निराळे रोग नांदतात आणि त्यांचे औषध एक नाही.

बघ्यांच्या वागणुकीच्या शास्त्राचा आरंभ ज्या घटनेपासून सांगितला जातो, ती 1964 च्या मार्चमधील न्यूयॉर्क शहरातील किटी जेनोव्हीज या तरुणीची हत्या. अडतीस शेजाऱ्यांनी खिडकीतून सारे पाहिले आणि एकानेही पोलिसांना कळवले नाही, अशी ती वार्ता जगभर गेली. पुढील संशोधनाने ती अतिरंजित ठरवली: अडतीस प्रत्यक्षदर्शी नव्हतेच, काहींनी नुसता आवाज ऐकला होता, एक शेजारीण तर त्या मुलीला अखेरच्या क्षणी कवटाळून बसली होती, आणि ज्या वृत्तपत्राने ती बातमी दिली होती, त्यानेच 2016 साली तिच्यातील चूक मान्य केली. तथापि त्या वार्तेने अस्वस्थ झालेल्या जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1968 साली प्रसिद्ध केलेले दोन प्रयोग मात्र टिकून राहिले, आणि आपल्या कामाचे तेच आहेत.

पहिला प्रयोग धुराचा. एका खोलीत विद्यार्थ्याला प्रश्नावली भरण्यास बसवले आणि भिंतीतील झरोक्यातून आत धूर सोडला. एकट्या बसलेल्यांपैकी शेकडा 75 जणांनी उठून बाहेर कळवले. परंतु धुराकडे ढुंकूनही न पाहण्यास शिकवलेले दोन साथीदार शेजारी बसवले, तेव्हा हे प्रमाण शेकडा 10 वर आले. उरलेले लोक डोळे चोळत, खोकत, हाताने धूर वारत, पण प्रश्नावली भरीत राहिले. दुसऱ्या प्रयोगात प्रत्येक जण निराळ्या खोलीत होता, एकमेकांशी बोलणे केवळ ध्वनियंत्रातून होते, आणि बोलता बोलता त्यांपैकी एकाला फिट आल्याचा आवाज ऐकू येई. हे आपण एकटेच ऐकत आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांपैकी शेकडा 85 जण मदतीसाठी धावले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यात हे प्रमाण 31 होते.

या दोहोंतील भेद वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. धुराच्या खोलीत माणसे एकमेकांची तोंडे पाहत होती, आणि दुसऱ्याच्या निर्विकार चेहऱ्यावरून ‘हे काही विशेष नसावे’ असा अर्थ काढीत होती. येथे चूक प्रसंग ओळखण्यात झाली. फिटच्या प्रयोगात कोणाचेही तोंड कोणाला दिसत नव्हते, प्रसंग गंभीर आहे याविषयी संशयही नव्हता. येथे फक्त जबाबदारीचे तुकडे पडले, आणि प्रत्येकाच्या वाट्याला आलेला तुकडा खुर्चीतून उठवण्याइतका जड राहिला नाही. पहिल्या रोगावर उपाय एकच: कोणीतरी तोंड उघडून ‘मला हे ठीक दिसत नाही’ असे मोठ्याने म्हणणे. दुसऱ्यावरचा उपाय म्हणजे काम एका नावावर चढवणे. पहिल्या रोगाला दुसऱ्याचे औषध दिले, की समित्या वाढतात आणि धूर तसाच राहतो.

आता एखाद्या गृहनिर्माण संस्थेत येऊ. अकोल्यातील वा अमरावतीतील चार मजल्यांची, सोळा सदनिकांची एक इमारत डोळ्यांसमोर आणावी. मे महिना आहे, रात्रीचे दहा वाजले तरी भिंतींतून उष्णता पाझरते आहे, आणि सोळाही घरांत कूलर किंवा वातानुकूलन यंत्रे एकाच वेळी चालू आहेत. तळमजल्यावरील मीटरच्या खोलीत तारेचा एक जोड सैल झालेला आहे. एरवी तो निभावून जातो, परंतु विजेचा भार वाढला की सैल जोड तापतो, तारेचे आवरण मऊ होऊ लागते आणि प्लॅस्टिक करपल्याचा उग्र वास जिन्यात पसरतो. हा वास दूध आणायला गेलेल्या मुलाला आला, फिरून परतलेल्या आजोबांना आला, दुसऱ्या मजल्यावरील बाईंना दार उघडताच आला. अखेर कोणीतरी संस्थेच्या व्हॉट्सॲप गटात लिहिले: ‘कोणाला जळका वास येतोय का?’ दोघांनी ‘हो’ लिहिले, एकाने हात जोडले, आणि अकरा जणांनी वाचून फोन खाली ठेवला.

या गटात दोन्ही रोग एकत्र आले आहेत. अकरा जणांनी वाचले हे सर्वांना दिसते आणि कोणी हलत नाही हेही दिसते, म्हणून ‘विशेष काही नसावे’; आणि समजा असलेच, तर अध्यक्षांनी वाचलेच आहे. शिवाय मूळ वाक्य प्रश्नाच्या रूपात आहे, आणि प्रश्नाला उत्तर दिले की कर्तव्य संपते, अशी आपली सर्वांची सोयीस्कर समजूत असते. त्याच माणसाने पुढीलप्रमाणे लिहिले असते, तर गोष्ट निराळी झाली असती: ‘तळमजल्यावर मीटरच्या खोलीतून प्लॅस्टिक जळाल्याचा वास येत आहे, मी खोलीबाहेर उभा आहे. 101 मधील काका, खोलीची किल्ली घेऊन लगेच खाली या. 203 मधील ताई, 1912 वर महावितरणला फोन करा आणि लागला की येथे लिहा. कोणीही पाणी टाकू नये.’ यात काय दिसते हे सांगितले आहे, सांगणारा कोठे उभा आहे हे सांगितले आहे, एकेका माणसाला एकेकच काम दिले आहे, आणि काम झाल्याचे कळवण्यासही सांगितले आहे. धूर वा ज्वाळा दिसू लागल्यास मात्र गटात लिहीत बसू नये. 101 वर अग्निशमन दलाला स्वतः फोन करावा आणि मग दारे वाजवावीत. दोघांनी फोन केला तर दलाची हानी होत नाही, एकानेही न केला तर इमारतीची होते.

परंतु ऐन वेळी असे सुबक लिहिणे बहुतेकांना सुचणार नाही, म्हणूनच नावे आधी ठरवावी लागतात. आपला कायदाही येथे आपल्याला अर्धाच हात देतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 हा मालकावर वा भोगवटादारावर अग्निसुरक्षेची जबाबदारी टाकतो, आणि त्याच्या कक्षेतील इमारतींनी वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक अभिकरणाकडून यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘नमुना ब’ मधील प्रमाणपत्र घेऊन सादर करावे, असे सांगतो. मालक कोण? संस्था. संस्था म्हणजे कोण? सोळाही सभासद. म्हणजे फिटच्या प्रयोगातील निराळ्या खोल्या येथे सोळा झाल्या. तेव्हा कार्यकारी समितीने ‘संस्था काळजी घेईल’ असा ठराव न करता, ‘अमुक सदनिकेतील अमुक सभासद अग्निशामक नळकांड्यांची मुदत पाहतील, ते गावी गेल्यास अमुक पाहतील’ असा ठराव करावा. एका कामास एक नाव आणि एक पर्यायी नाव असावे. दोघांना समान अधिकाराने ‘संयुक्तपणे’ नेमले, की पुन्हा अर्धे अर्धे होते. प्रयोगात केवळ एक जादा श्रोता आहे असे वाटताच प्रमाण 85 वरून 62 वर उतरले होते, हे विसरू नये.

असा तक्ता जिन्यापाशी लावताना एक अडचण हटकून येते, आणि ती वनखात्यालाही येते: हद्दीची. दोन नियतक्षेत्रांच्या सीमेवर पेटलेली आग ही वाटणीची खरी परीक्षा, कारण तेथे प्रत्येक बाजूला दुसरी बाजू आहे. इमारतीतही गच्चीवरच्या टाकीची झाकणे, दोन मजल्यांमधला जिन्याचा वळसा, उद्वाहनाचा खड्डा, कुंपणालगतचा रोहित्राचा खांब, या जागा कोणत्याच सदनिकेच्या नसतात, आणि बहुधा अपघात तेथेच होतात. तक्ता करताना प्रथम या बेवारशी जागांना मालक द्यावेत. घराघरासमोरील जागेची काळजी लोक तशीही घेतात. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाचे कलम 79 या बाबतीत वाचण्याजोगे आहे. जंगलात ज्यांचे हक्क चालतात, जे तेथे गुरे चारतात वा वनोपज नेतात, आणि लगतच्या गावातील जे लोक सरकारचा पगार घेतात, त्या सर्वांवर ते आग विझवण्याचे बंधन घालते, आणि तेही वनाधिकाऱ्याने सांगितलेले असो वा नसो. वाटणीतून सुटलेल्या जागेसाठी बोलावण्याची वाट न पाहणारे असे एक कलम प्रत्येक संस्थेच्या ठरावात असावे. मग ‘ते माझ्याकडे नव्हते’ असे म्हणता येणार नाही.

वर्गातील गोष्ट वेगळी आहे. तेथे मुख्यतः पहिला रोग असतो. एका मुलाचा डबा रोज हिसकावला जातो, त्याच्या बोलण्याची, कोरकू वळणाच्या मराठीची, नक्कल केली जाते, आणि भोवतीची मुले हसतात. त्यांतील बहुतेकांना ते मनातून आवडत नसते. परंतु शेजारचा हसतो म्हणून हा हसतो, आणि याला हसताना पाहून तिसरा. कॅनडात टोरांटो येथील शाळांच्या पटांगणांवर हॉकिन्स, पेपलर आणि क्रेग यांनी केलेल्या आणि 2001 साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणात असे आढळले, की छळाच्या शेकडा 88 प्रसंगी इतर मुले हजर होती, मध्ये पडली ती शेकडा 19 प्रसंगी. पण जेव्हा पडली, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. म्हणजे मुलांच्या हाती उपाय आहे, तो स्वस्त आहे, फक्त आपण एकटेच पडू अशी त्यांना भीती आहे.

तेव्हा शिक्षकांनी वर्गापुढे ‘कोणी चिडवते का?’ असे विचारू नये. त्या प्रश्नाला मिळणारे मौन हेच छळ करणाऱ्याचे बळ होते. त्याऐवजी सर्वांना कोऱ्या चिठ्ठ्या द्याव्यात, नाव न लिहिता ‘असे घडते तेव्हा मला काय वाटते’ एवढेच लिहून घ्यावे, आणि दुसऱ्या दिवशी आकडा फळ्यावर मांडावा: चाळीसपैकी इतक्यांना हे आवडत नाही. ज्याला आपण एकटेच आहोत असे वाटत होते, त्याला आपण बहुमतात आहोत हे त्या आकड्यावरून कळते. चिठ्ठीतील अक्षर ओळखून कोणाला बोलावू नये. एकदा असे झाले की पुढच्या वेळी सर्व चिठ्ठ्या कोऱ्या येतील, आणि त्या योग्य कारणाने कोऱ्या येतील. मुलांना धाडसाचे पाठ देण्यापेक्षा करण्याजोगे एक लहान वाक्य द्यावे. ‘चल, आपण तिकडे जाऊ’ असे त्रासलेल्या मुलाला म्हणून त्याला तेथून घेऊन जाणे, हे छळणाऱ्याशी भांडण्याहून सोपे आहे आणि बहुधा पुरेसे असते.

निवासी आश्रमशाळांत, जेथे मूल रात्रीही शाळेतच असते, बघ्या हा केवळ विद्यार्थी नसतो. कित्येकदा तो शिक्षक असतो. लैंगिक अत्याचाराची शंका आली असता ‘मी मुख्याध्यापकांच्या कानावर घातले आहे’ एवढ्यावर थांबणारे सज्जन सहकारी पुष्कळ भेटतात. त्यांनी 2012 चा पॉक्सो अधिनियम उघडून कलम 19 पाहावे. गुन्हा घडल्याचे वा घडण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळले, त्या प्रत्येक व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला वा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुख्याध्यापक हे पोलीस नव्हेत. त्यांना सांगण्याने जबाबदारी पुढे सरकत नाही. न कळवल्यास कलम 21 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालील व्यक्तीविरुद्धचा गुन्हा दडवल्यास एक वर्षापर्यंत. कायद्याने येथे जबाबदारीचे तुकडे पाडलेलेच नाहीत. ती प्रत्येकावर पूर्णच्या पूर्ण टाकली आहे. कोणाकडे जावे हेच कळत नसेल, तर 1098 हा बालकांसाठीचा दूरध्वनी क्रमांक आहे.

कचेरीविषयी थोडक्यात सांगतो, कारण तेथील जुन्या कारकुनी शिस्तीत उत्तर आधीच आहे. आपण ते विसरलो इतकेच. बारनिशीत आलेला प्रत्येक टपालाचा कागद नोंदला जाई आणि त्याच्यापुढे तो ज्याच्याकडे गेला त्याचे नाव लिहिले जाई. आता तोच कागद ईमेलने सात जणांना एकदम जातो आणि सातही जण तो ‘माहितीसाठी’ समजून ठेवून देतात. पत्र एकालाच लिहावे, बाकीच्यांना प्रत द्यावी, आणि पहिल्याच ओळीत काय हवे आहे व कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहावे. शासकीय कार्यालयातील वाचकांना विलंबाविरुद्धच्या 2005 च्या अधिनियमाचे कलम 10 ठाऊक असेलच: कोणतीही नस्ती कोणत्याही एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक प्रलंबित राहू नये. यातील महत्त्वाचा भाग सात दिवस हा नव्हे, ‘एका कर्मचाऱ्याकडे’ हा आहे. शाखेकडे नाही, विभागाकडे नाही. आणि ज्या दिवशी बदली होते, त्या दिवशी कार्यभाराच्या यादीत प्रलंबित नस्त्या पुढच्याच्या नावावर स्पष्टपणे उतरल्या नाहीत, तर त्या पुन्हा सर्वांच्या, म्हणजे कोणाच्याही नाहीत, अशा होतात.

राहता राहिला सर्वांत अवघड प्रसंग, भिंतीपलीकडून ऐकू येणारा. रात्री शेजारच्या सदनिकेत बाईचा आक्रोश, काहीतरी आदळल्याचा आवाज, मूल रडते आहे. येथे दोन्ही रोगांच्या जोडीला तिसरा येतो: ‘घरगुती मामला आहे, आपुन कायले मधात पडाचं?’ कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 चे कलम 4 या शंकेचे उत्तर देते. हिंसा होत असल्याचे मानण्यास ज्याला कारण आहे, अशी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि सद्भावनेने कळवणाऱ्यावर कोणतेही दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही. 2008 साली आपल्या देशात ‘बेल बजाओ’ नावाची मोहीम निघाली होती, तिचे तंत्र अगदी साधे होते: दाराची घंटा वाजवावी आणि काहीतरी मागावे. वाटीभर साखर मागावी, किल्ली राहिली आहे का विचारावे. त्या घंटेने न्याय होत नाही. परंतु हिंसेत खंड पडतो, आणि बाहेर कोणीतरी ऐकते आहे हे आत कळते.

येथे सावधगिरीचीही मर्यादा सांगितली पाहिजे. आत शस्त्र आहे, मद्यधुंद जमाव आहे, असे वाटल्यास घंटाही वाजवू नये. 112 वर फोन करावा. जिन्यात एकट्याने न जाता आणखी एका शेजाऱ्याला, नावाने हाक मारून, सोबत घ्यावे. गर्दी नेहमीच निष्क्रिय असते ही समजूतही आता सुधारावी लागते. ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊन या तीन शहरांतील सार्वजनिक जागांवरच्या 219 भांडणांची कॅमेऱ्याने टिपलेली चित्रे 2019 साली तपासली गेली, तेव्हा दहापैकी नऊ प्रसंगी बघ्यांपैकी कोणीतरी मध्ये पडले होते. म्हणजे धोका स्पष्ट दिसतो तेव्हा माणसे पुढे येतात. संदिग्ध धूर, बंद दार आणि सर्वांना गेलेला निरोप यांच्यापुढे मात्र ती थिजतात. म्हणून घंटा वाजवून परतल्यावर दिनांक, वेळ आणि ऐकलेले शब्द एका कागदावर उतरवून ठेवावेत, दुसऱ्या दिवशी त्या बाईला एकटी गाठून तिची इच्छा विचारावी, 181 हा महिलांसाठीचा क्रमांक तिला तोंडपाठ करवावा, आणि ती ‘नको’ म्हणाली तरी आपली सदनिका कोणती आणि रात्री दार कोण उघडेल, हे तिला सांगून ठेवावे.